इंदुरात तिथी कशावरून बघावी: पुण्याच्या कॅलेंडरचा फोटो, भिंतीवरचं हिंदी पंचांग की मोबाईल?

इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत भिंतीवर हिंदी कॅलेंडर असतं आणि सणवार बघायला पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून मराठी कॅलेंडरच्या पानाचा फोटो येतो. दोन्ही खरी असतात. फक्त कुठली गोष्ट कशावरून घ्यायची, हे ठरलेलं हवं.

तिथीसाठी मी फोटोलाच पहिली पसंती देईन, विशेषतः श्राद्धाच्या तिथीसाठी. समजा, आजोबांची तिथी श्रावण वद्य पंचमी आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षाची नावं जुळतात, पण वद्य पक्षात हिंदी पंचांग एक महिना पुढचं नाव देतं. त्यामुळे त्यात ‘श्रावण कृष्ण पंचमी’ शोधली, तर गुरुपौर्णिमेनंतरची पंचमी हाती लागते आणि श्राद्ध महिनाभर आधीच होतं. आपली पंचमी तिथे ‘भाद्रपद कृष्ण’ म्हणून छापलेली असते. खात्री करायची असेल तर राखीपौर्णिमा बघा. आपली पंचमी तिच्यानंतर येते आणि पुढे तीन तिथींवर जन्माष्टमी असते.

सणांतही एक फरक लक्षात ठेवावा लागतो. आपल्या बायका वडाची पूजा ज्येष्ठ पौर्णिमेला करतात, तर इकडे बरेच जण वटसावित्री अमावास्येला धरतात, म्हणजे पंधरा दिवस आधी. शेजारणीने पूजा केली म्हणून आपली चुकली असं नाही.

आता फोटो वाचण्याविषयी. तारखेच्या चौकोनात तिथीपुढे जी वेळ असते, ती तिथी संपण्याची. ती सगळ्या भारतात एकच असते, त्यामुळे पुण्याच्या पानावरची वेळ इंदुरात जशीच्या तशी चालते. चौकोनातली तिथी मात्र सूर्योदयाची असते. म्हणून संकष्टीच्या दिवशी ‘तृतीया १५.३७’ असं दिसलं तरी गोंधळू नका. दुपारी ३.३७ नंतर चतुर्थी लागते, चंद्रोदयाला ती असते, म्हणून संकष्टी त्याच दिवशी.

फोटोत खरा घोळ आकड्यांचा होतो. १ आणि ९ एकसारखे दिसतात, कागद पातळ असला तर मागच्या पानाची शाईही उमटते. फोटो काढणाऱ्याला पानामागे काळा कागद धरायला सांगा आणि व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे अक्षरं फुटत नाहीत. तरी शंका राहिली, तर आजूबाजूचे चौकोन बघा. तिथी साधारण २० तासांहून लहान किंवा २७ तासांहून मोठी नसते. काल १३.१०, उद्या ९.५५ आणि आजचा आकडा ११.४० की १९.४० कळत नाही, असं समजा. १९.४० धरलं तर आजची तिथी साडेतीस तासांची होते, जे शक्य नाही. म्हणजे ११.४०. ५ आणि ६ मधली गल्लत मात्र या युक्तीने पकडता येत नाही. तिथे स्पष्ट फोटोच मागवावा लागतो.

चंद्रोदय आणि राहुकाळ या दोन गोष्टी मात्र पुण्या-मुंबईच्या वेळेवरून घेऊ नका. इंदूर मुंबईच्या जवळजवळ तीन अंश पूर्वेला आहे, म्हणून चंद्र इथे सुमारे १२ मिनिटं आधी उगवायला हवा. पण इंदूर उत्तरेलाही आहे. त्यामुळे हिवाळ्यातल्या संकष्टीला हा फरक वीस मिनिटांच्या आसपास जातो, तर मे-जूनमध्ये जेमतेम पाच-सात मिनिटं उरतो. सरसकट १२ वजा करून भागत नाही. काही मराठी कॅलेंडरांत गावोगावच्या चंद्रोदयाची सारणी असते. तीत इंदूर असेल तर त्या पानाचाही फोटो मागवा.

राहुकाळाचं कोष्टक सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असा दिवस धरून केलेलं असतं, म्हणून सोमवारी ते ७.३० ते ९ सांगतं. डिसेंबरअखेरीस इंदुरात सूर्य साधारण ७.०५ ला उगवतो आणि ५.४८ च्या सुमाराला मावळतो. त्या दिवसाचे आठ भाग केले तर एक भाग सुमारे ८० मिनिटांचा होतो. सोमवारचा दुसरा भाग मग ८.२५ ते ९.४५ असा येतो. कोष्टकावर विसंबून ९.१५ ला वास्तूची पूजा मांडली, तर ती नेमकी राहुकाळात जाते.

या दोन वेळांसाठी इंदूरच्या अक्षांश-रेखांशावर केलेलं स्थानिक पंचांग उत्तम, नाहीतर मोबाईलवरचं पंचांग. मोबाईलवर शहर इंदूर निवडा आणि सोय असेल तर महिना ‘अमान्त’ ठेवा. तो ‘पूर्णिमान्त’ राहिला, तर श्राद्धाच्या तिथीचा वर सांगितलेला घोळ तिथेही होतो.