धनुष्य फुसकं वाटतंय: डॅमेज वाढवायचं की दोरी?

गोरेगावच्या एका छोट्या गेम स्टुडिओत टेस्टर पोरं डिझायनर बाईंना एकसुरात म्हणाली, "ताई, धनुष्यात दम नाही. तलवारच बरी." शत्रूची हेल्थ 100, पूर्ण ताणलेल्या बाणाचं डॅमेज 34. म्हणजे तीन बाणांत शत्रू आडवा. कागदावर तर ठीक होतं.

पहिला पर्याय समोरच होता: 34 चे सरळ 50 करायचे. बदल एका मिनिटाचा, पोरंही खूश. पण मग दोन बाणांत काम होतं, तेही लांबून, अंगावर वार न घेता. तलवारीला पाच वार लागतात आणि त्यासाठी जवळ जावं लागतं. तलवार कोण हातात धरणार? शिवाय 34 चे 40 केले, तरी अंगावर मारताना बाण तीनच लागतात. आकडा वाढला तरी खेळणाऱ्याला काहीच कळत नाही.

डिझायनरने खेळाचं रेकॉर्डिंग बघितलं आणि खरी गोम तिथे सापडली. शत्रू धावत आला की पोरं घाबरून दोरी अर्धीच ताणून सोडत होती. अर्ध्या ताणाला डॅमेज निम्मं, 17. तीन नव्हे, सहा बाण! दोरी पूर्ण ताणली गेली हे कळायला स्क्रीनवर काहीच नव्हतं.

म्हणून दुसरा पर्याय: डॅमेज तेच ठेवायचं, पण दोरी पूर्ण ताणली की करकर आवाज, धनुष्याला हलका थरकाप आणि बाण लागताच शत्रू जागीच अडखळणार. डॅमेजचं संतुलन जराही बिघडत नाही. मात्र साउंड आणि ॲनिमेशनवाल्यांचा वेळ जातो, आणि नेम धरून मारणाऱ्याच्या पदरात जास्तीचं काहीच पडत नाही.

रेकॉर्डिंग न बघता आकड्याला हात लावू नये, असं माझं मत. बाण अर्धवट ताणून सुटत असतील तर आधी आवाज. पूर्ण ताणूनही तक्रार असेल तरच डॅमेज.

तिने आधी आवाज टाकला, मग नेम धरून मारणाऱ्यासाठी थोडं डॅमेज वाढवलं. डोक्याला बाण लागला तर डॅमेज दीडपट, हे आधीपासून होतंच. 40 वर डोक्याला एक आणि अंगाला एक मिळून 60 अधिक 40, बरोबर 100. पण लांबच्या बाणाचं डॅमेज दहा टक्के घटतं, तिथे शत्रू 10 हेल्थवर जिवंत राहतो आणि खेळणारा चिडतो. म्हणून 45. आता लांबूनही ही जोडी 100 च्या वर जाते, आणि नुसते अंगावर मारले तर बाण तीनच.

अडचण एकच उरली. पहिल्या लेव्हलच्या पहारेकऱ्यांची हेल्थ 90 होती, ते अंगावरच्या दोन बाणांत पडू लागले. त्यांची तिने 95 केली.