उन्हाळ्यात केलेलं स्मूदनिंग, दिवाळीनंतरचा अनुभव

मी जळगावची. केस लहरी, मध्यम जाडीचे, खांद्याखाली वीतभर. चेहरा लांबट, कपाळ मोठं, गाल बसके. हे आधीच सांगते, कारण स्मूदनिंगचं, म्हणजे क्रीम लावून केस कायमचे सरळ करून घेण्याचं, नाव काढलं की सगळ्याजणी क्रीम कोणतं आणि पैसे किती हेच विचारतात. खरा फरक मात्र चेहऱ्याची ठेवण आणि केसांचा पोत यांनी पडतो.

एप्रिलमध्ये, घरातल्या लग्नाच्या आधी मी हे करून घेतलं. पार्लरमध्ये चार-पाच तास गेले. आधी केस धुऊन वाळवले, मग पहिलं क्रीम लावलं, टाळूपासून थोडं अंतर सोडून. त्याला अमोनियाचा उग्र वास येतो. केसातल्या केराटिनचे धागे एकमेकांना गंधकाच्या जोडांनी बांधलेले असतात आणि केस सरळ की कुरळा हे बरंचसं त्या जोडांवर ठरतं. हे क्रीम ते जोड सोडवतं. ठरावीक वेळाने ताईंनी मागची एक बट बोटाला गुंडाळून पाहिली, केस पुरेसे नरम झाले की नाही ते बघायला. मग नुसत्या पाण्याने भरपूर वेळ धुतलं, वाळवलं आणि बारीक बटा घेऊन इस्त्री फिरवली. माझे केस फार जाड नाहीत म्हणून मशीन १८० वर ठेवली होती. शेवटी न्यूट्रलायझर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम. सोडवलेले जोड ते नव्या, सरळ जागी पुन्हा बांधतं. रिबॉन्डिंग याच रीतीचं, फक्त क्रीम जास्त कडक आणि इस्त्री जास्त वेळ. केस कुरळे करायचा पर्मही हेच रसायन आहे, इस्त्रीऐवजी केस रॉडवर गुंडाळतात एवढंच. त्यामुळे पर्म केला तर केसांना कमी त्रास, असं काही नसतं.

आता शोभण्याबद्दल. माझ्या लहरी केसांचा फुगा कानांच्या बाजूला असायचा आणि त्याने लांबट चेहऱ्याला रुंदी मिळायची. स्मूदनिंगनंतर केस डोक्याला चिकटून सरळ खाली आले. मधल्या भांगात तर चेहरा आणखी लांब आणि कपाळ आणखी मोठं दिसायला लागलं. धुळ्याची मोठी मामी लग्नात भेटली तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं: "तुना केसस्ले काय व्हयनं व माय?" केस चमकत होते, हात लावला की रेशमासारखे लागत होते, पण चेहऱ्याला ते साजत नव्हते. ते मार्गी लागलं कापण्याने. समोरचे केस हनुवटीच्या पातळीवर लेअरमध्ये घेतले आणि भांग एका बाजूला नेला. हनुवटीपाशी केस थोडे बाहेर आले आणि लांबी तुटली. आता मला हा चेहरा मनापासून आवडतो.

याच्या उलट माझी मावसबहीण. चेहरा गोल, गाल भरलेले. तिच्या गालांवरून सरळ केस खाली आले तर चेहरा बारीक दिसतो, तिला ते नक्की शोभलं असतं. पण तिचे केस विरळ आहेत. विरळ केस सपाट झाले की भांगात टाळू दिसते, हे फोटोत कोणी दाखवत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: रसायन लावण्याआधी ब्लो-ड्राय आणि इस्त्री करून केस सरळ करून घ्या आणि पुढच्या धुण्यापर्यंत तसेच राहू द्या. पहिल्या दिवशी पाहून ठरवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेल उतरलं, केस दबले, गाडीवर स्कार्फ बांधून आलात, की आरशात बघा. स्मूदनिंग केल्यावर रोजचा चेहरा साधारण तसाच असतो. त्याच दिवसांत भांग बदलून पाहा, केस मागे बांधून पाहा. पर्म करायचा असेल तर रात्री कर्लर लावून हेच करता येतं. लांबट चेहऱ्याला बाजूंनी कुरळेपणा चांगला दिसतो. गोल चेहऱ्याला गालांच्या उंचीवर फुगा आला तर तो आणखी रुंद दिसतो.

नुकसानीचं मावसबहिणीच्याच उदाहरणावरून सांगते. ती अमळनेरहून खास आली होती. वर्षानुवर्षं पाकिटातली काळी मेहंदी लावते. काळ्या मेहंदीत बहुधा रासायनिक डाय असतो, काहींत धातूचे क्षारही असतात, आणि असे क्षार बसलेल्या केसांवर पेरॉक्साइड लागलं तर केस तापून जळू शकतात. पार्लरच्या ताईंनी मागून एक बट निवडली, ओली केली आणि हलकेच ताणली. निरोगी ओला केस थोडा लांबतो आणि सोडल्यावर मागे येतो. तिचा लांबला, मागे आलाच नाही, आणि टोकाकडे तुटला. मग तीच बट क्रीम लावून तपासली तर ती शिजल्यासारखी मऊ झाली. ताईंनी काम घेतलं नाही. मला त्या ताईंबद्दल फार आदर वाटला, कारण हजारो रुपयांचं गिऱ्हाईक परत पाठवणं सोपं नसतं. बटेची चाचणी न करता थेट क्रीम लावणाऱ्या ठिकाणी बसूच नये.

तिला मग कोणीतरी केराटिन ट्रीटमेंट सुचवली. तिचा परिणाम साधारण तीन-चार महिन्यांत धुऊन जातो, पण त्यातल्या काही द्रवांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो आणि तो कर्करोगकारक आहे. डोळे चुरचुरले, घसा धरला तर तिथून उठावं. फॉर्मल्डिहाइडऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेली क्रीमं निघाली आहेत, पण अशा क्रीमनंतर एका तरुणीच्या किडनीला पुन्हा पुन्हा इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. तिने तोही विचार सोडला.

माझ्या केसांचं आता काय? सरळ झालेला भाग सरळच आहे, तो परत लहरी होत नाही. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे मुळाशी बोटभर लहरी केस आलेत. पावसाळ्यात ते फुगायचे आणि खालचे सपाट राहायचे. गुंता होतो तो नेमका या दोन्हींच्या सांध्यावर, आणि तुटतातही तिथेच. कंगव्यातल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून गळलेला. ठिपका नसेल आणि तुकडा आखूड असेल तर तो तुटलेला. माझ्याकडे दुसरा प्रकार वाढलाय. आमच्या बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, म्हणून धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल तेल आणि शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा. रुंद दातांचा कंगवा, तोही टोकाकडून वर. याने फरक पडला.

टचअप जानेवारीत करायचं म्हणतेय, तेही फक्त मुळाच्या वाढीवर. आधी सरळ झालेल्या भागावर पुन्हा क्रीम गेलं की केस त्या जागी कमकुवत होऊन तुटतात, त्यामुळे खालच्या लांबीला कंडिशनरचा थर देऊन ती वेगळी बांधून ठेवायला ताईंना सांगितलंय. त्या दिवशी बट ताणून पाहिली आणि ती मागे आली नाही, तर टचअप रद्द करून केस खांद्यापर्यंत कापून घेणार.