बायपासनंतर कॅल्शियम: कार्बोनेट की सायट्रेट?
गॅस्ट्रिक बायपास म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर रोज साधारण १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम घ्यावे लागते. कार्बोनेट स्वस्त असून त्याच्या १२५० मिलिग्रॅमच्या गोळीतून ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. मात्र ते विरघळायला आम्ल लागते आणि जठराच्या उरलेल्या छोट्या पिशवीत नेमके तेच कमी असते. सायट्रेट उपाशीपोटीही शोषले जाते, पण त्याच्या १००० मिलिग्रॅममध्ये कॅल्शियम जेमतेम २१०, म्हणजे गोळ्या जास्त. तरीही माझा कौल सायट्रेटलाच.

कोणतेही घेतले तरी एका वेळी ६०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅल्शियम नको आणि लोहाच्या गोळीपासून दोन तासांचे अंतर हवे. रक्तातील कॅल्शियम नॉर्मल दिसले तरी ते हाडांतून ओढलेले असू शकते, म्हणून दरवर्षी ड जीवनसत्त्वासोबत हाडांतून कॅल्शियम ओढून घेणारे पॅराथायरॉइड हार्मोनही तपासतात.