सोलरच्या लाईनला दोन्ही टोकाला सीपीव्हीसी, मधे भिंतीत भलतंच

दोन वर्षांपूर्वी जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा प्लंबिंग मटेरियलसकट एकाच मिस्त्रीला दिलं होतं. गार पाण्याला पांढरा यूपीव्हीसी, सोलरपासून खालच्या बाथरूमपर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी आणि आतलं पाणी लवकर गार होऊ नये म्हणून त्यावर ९ एमएमचं काळं फोम, साठ फूट, असं ठरलेलं आणि बिलातपण तसंच. गच्चीवर क्रीम कलरचा पाईप दिसला, बाथरूममधे भिंतीतनं बाहेर आलेलं टोकही क्रीम, म्हटलं झालं काम, पैसे देऊन टाकले.

पहिल्या हिवाळ्यात एक गोष्ट खटकली. एकाची आंघोळ झाली की अर्ध्या तासानं दुसरा गेला तरी परत गार पाणीच यायचं. एवढ्या लांब लाईनीत साडेचार-पाच लिटर पाणी बसतं, ते दरवेळी बादलीत सोडून द्यायचं, आणि आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय. रात्रभर पाणी गरम राहणार नाही हे मलाही कळतंय हो, पण अर्ध्या तासात इतकं गार?

मग मे महिना. उन्हाळ्यात सोलरचं पाणी कोण वापरतंय, टाकीत नुसतं तापत बसतं. एक दिवस भांडी घासायला बायकोनं नळ सोडला तर वाफा निघाल्या, आणि आठवड्याभरात बेडरूमच्या भिंतीला ओल आली.

भिंत फोडली तर वरनं फूटभर क्रीम पाईप, मग आट्याचा जॉइंट, आणि त्याखाली सगळा पांढरा यूपीव्हीसी! गार लाईनीचा उरलेला माल असणार. पाऊण इंची म्हणत असले तरी सीपीव्हीसी बाहेरनं २२ एमएम भरतो आणि यूपीव्हीसी जवळपास २७, सरळ सॉकेटनं जुळतच नाहीत, म्हणून तो आट्याचा जॉइंट. कढत पाण्यानं पांढरा पाईप मऊ पडला, आटे ढिले झाले, तिथनंच गळत होतं. यूपीव्हीसी गार पाण्याचाच पाईप, सीपीव्हीसी ८०-८२ डिग्रीपर्यंत आरामात चालतो.

फोम फक्त गच्चीवर, पंधरा फूट. भिंतीत घातलाच नव्हता, आणि घालणार तरी कुठं, खाच जेमतेम सव्वा इंच रुंद! २२ चा पाईप आणि दोन्ही बाजूला ९-९ म्हणजे ४० एमएम होतंय, खाच दोन इंच तरी पाहिजे. हे मी तेव्हा टेप लावून बघितलं असतं तर तिथंच पकडला असता.

पहिल्या मिस्त्रीला फोन केला तर म्हणतो, "दादा, तुमचा सोलरच जास्त तापतोय."

दुसऱ्या मिस्त्रीकडनं लाईन नवीन टाकून घेतली. पाईपावर छापलेलं सीपीव्हीसी, जाडीचा एसडीआर ११ आणि सीपीव्हीसी पाईपाचा मानक क्रमांक आयएस १५७७८ दर तुकड्यावर वाचलं, फोम घालायच्या आधी आणि नंतर फोटो काढले, रात्रभर प्रेशर लावून ठेवलं, सकाळी गेजचा काटा तिथंच होता, मगच प्लास्टर करायला सांगितलं.