सात महिने, नऊ परीक्षा: दोन कॅमेरे आणि स्क्रीन शेअरिंगचा माझा अनुभव

जूनपासून मी घरातून ऑनलाइन परीक्षा देते आहे. डिचोलीत नोकरी सांभाळून लेखाशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम करते. त्याच्या चाचण्या परीक्षकाच्या देखरेखीखाली होतात. लॅपटॉपचा कॅमेरा चालू, माइक चालू, पूर्ण स्क्रीन शेअर, आणि बाजूला दुसरा कॅमेरा म्हणून परीक्षकाच्या व्हिडिओ मीटिंगला जोडलेला मोबाइल. अशा नऊ परीक्षा आता झाल्या. पहिल्या तीन वाईट गेल्या, आणि त्या अभ्यासामुळे नाही, मांडणीमुळे. म्हणून हे सविस्तर लिहिते.

सामान असं: पंधरा इंची लॅपटॉप, चार वर्षं जुना मोबाइल, म्हापशाच्या बाजारातून साडेचारशे रुपयांना घेतलेला मोबाइल स्टँड आणि राउटरपासून टेबलापर्यंत आणलेली पाच मीटरची लॅन केबल. यातलं काहीही महाग नाही. प्रश्न वस्तूंचा नव्हताच. परीक्षकाला काय दिसतंय हे मला ठाऊक नव्हतं, आणि माझ्या स्वतःच्या स्क्रीनवरून ते कळत नाही, हा खरा प्रश्न होता.

आधी जुलैची परीक्षा सांगते. त्या पेपरला संगणकावरचा कॅल्क्युलेटर वापरायची परवानगी होती. परीक्षेच्या पानाने स्क्रीन शेअर करायला सांगितलं की क्रोम एक चौकट उघडतो. तिच्यात तीन पर्याय असतात: एक टॅब, एक Window आणि Entire Screen. मी घाईत Window निवडलं, कारण परीक्षेची खिडकी तिथे समोरच दिसत होती. पेपर सुरू झाला. वीस मिनिटांनी घसाऱ्याचं उदाहरण आलं, म्हणून मी कॅल्क्युलेटर उघडला आणि आकडे भरू लागले. मला वाटत होतं, सगळं उघड चाललंय. परीक्षकाला मात्र फक्त परीक्षेची खिडकी दिसत होती. तिच्यात प्रश्न जसाच्या तसा, माउस हलत नाही, काही टाइप होत नाही. त्याच वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्यात माझी बोटं भराभर चालताहेत आणि लॅपटॉपवर काहीतरी वेगळंच उघडलेलं आहे. दोन चित्रं एकमेकांशी जुळेनात. त्यांनी पेपर थांबवायला लावला, खोली पुन्हा फिरवून दाखवायला सांगितली, शेअरिंग नव्याने सुरू करायला लावलं. त्यात माझी अकरा मिनिटं गेली आणि ती परत मिळाली नाहीत. मी काहीही लपवलं नव्हतं, पण त्यांच्या जागी मी असते तर मलाही शंका आली असती.

म्हणून पहिली गोष्ट: Entire Screen. मात्र ते निवडलं की खरोखरच सगळं जातं. खालच्या पट्टीतली उघडी ॲप्स, शेजारच्या टॅबांची नावं, बुकमार्कची पट्टी, डेस्कटॉपवरच्या फाइलींची नावं आणि कोपऱ्यात उगवणारी प्रत्येक सूचना. माझ्या बहिणीचा 'पोचलीस का गं?' असा मेसेज एकदा परीक्षकासमोर उमटला. आता आदल्या रात्री मी विंडोजमध्ये व्यत्यय नको हा पर्याय चालू करते, मेसेजिंगची ॲप्स नुसती मिटवत नाही तर पूर्ण बंद करते, आणि परीक्षेसाठी ब्राउझरचं वेगळं कोरं प्रोफाइल उघडते. शेअरिंग चालू असताना क्रोम एक छोटी पट्टी दाखवतो. तिच्यावर Stop sharing आणि Hide अशी दोन बटणं अगदी शेजारी असतात. पट्टी प्रश्नावर आली म्हणून ती हटवताना चुकीचं बटण दाबलं जातं आणि शेअरिंग तुटतं. मी पेपर सुरू होण्याआधीच शांतपणे Hide दाबून घेते. त्याने फक्त पट्टी जाते, शेअरिंग चालूच राहतं.

आमच्या वर्गातल्या एकीकडे मॅक आहे. तिथे स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी सिस्टीमच्या सेटिंगमध्ये ब्राउझरला द्यावी लागते, आणि ती दिल्यावर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा लागतो. हे परीक्षेच्या पाच मिनिटं आधी कळलं तर हातपाय गळतात. तिचे गळाले.

आता कॅमेऱ्याचा कोन. लॅपटॉप टेबलावर ठेवून पडदा मागे झुकवला की कॅमेरा खालून वर बघतो. चित्रात हनुवटी, नाकपुड्या आणि फिरणारा पंखा. डोळे कागदाकडे गेले की पापण्या मिटल्यासारख्या दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, मांडीवर काहीतरी आहे. मी लॅपटॉपखाली तीन जाड वह्या ठेवते. कॅमेरा साधारण डोळ्यांच्या रेषेच्या थोडा खाली येतो आणि पडदा जवळपास सरळ उभा राहतो. अंतर साठ सेंटिमीटर. कॅमेऱ्याचा आडवा कोन साठ अंशांचा धरला तर एवढ्या अंतरावर जेमतेम सत्तर सेंटिमीटर रुंदी चित्रात मावते. म्हणजे चेहरा आणि दोन्ही खांदे येतात, पण टेबल येत नाही. एकाच कॅमेऱ्यात चेहरा आणि हात दोन्ही बसवायची धडपड मी दोन परीक्षा केली. ते होत नाही. हात दाखवणं हे दुसऱ्या कॅमेऱ्याचं काम.

मोबाइल आधी मी उजवीकडे मागे ठेवला होता. मी उजव्या हाताने लिहिते, त्यामुळे खांदा आणि कोपर मध्ये येऊन कच्च्या कामाचा कागद पूर्ण झाकला जायचा. डावीकडे, किंचित मागे, दीड मीटरवर आणि बसल्यावर खांद्याच्या जरा वर अशा उंचीवर ठेवल्यावर दोन्ही हात, कागद, कीबोर्ड, लॅपटॉपचा पडदा आणि माझा एक कान असं सगळं एका चित्रात आलं. मोबाइल आडवा धरायचा. मागचा कॅमेरा वापरायचा, कारण तो जास्त स्पष्ट असतो. लॅपटॉपचा पडदा मोबाइलच्या चित्रात पांढराफेक दिसतो, म्हणून त्याचा उजेड निम्म्यावर आणते. स्टँडच्या तीन पायांच्या जागा मी जमिनीवर खडूने आखून ठेवल्या आहेत. दर वेळी पुन्हा मापत बसावं लागत नाही.

मोबाइल विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवा. साधा फोन आला तरी मीटिंगचा कॅमेरा थांबू शकतो, आणि परीक्षकाकडे तुमची चौकट काळी होते. वायफायवरून येणारे कॉल विमान मोडने थांबत नाहीत, ते त्या त्या ॲपमध्ये वेगळे बंद करावे लागतात.

सगळ्यात उपयोगी पडली ती ऑगस्टमधली रंगीत तालीम. माझा भाचा पणजीला असतो. तो म्हणाला, "मावशी, तू परीक्षार्थी म्हणून बघतेस. एकदा परीक्षकाच्या खुर्चीत बस ना." त्याने झूमवर मीटिंग लावली. फुकटच्या खात्यात चाळीस मिनिटं मिळतात, तेवढी पुरली. आम्ही वर्गातल्या नऊजणी, प्रत्येकीची दोन उपकरणं, म्हणजे अठरा चौकटी. मी माझ्या जागी थोरल्या बहिणीला बसवलं आणि भाच्याच्या लॅपटॉपवर यजमान म्हणून सगळ्या चौकटी पाहिल्या.

तेव्हा कळलं. अठरा चौकटींत प्रत्येक चौकट काडेपेटीहून थोडी मोठी. कागदावरचं अक्षर वाचता येत नाही. डोळे नेमके कुठल्या ओळीवर आहेत हे दिसत नाही. दिसते ती हालचाल: मान वळली, हात चौकटीबाहेर गेला, कुणीतरी मागून गेलं. परीक्षकाला शंका आली तरच तो एक चौकट मोठी करतो, आणि मग मात्र बरंच स्पष्ट दिसतं. खिडकी पाठीमागे घेऊन बसलेल्या दोघींचे चेहरे काळेच होते. पावसाळ्यात बाहेर अंधारून आलेलं असतानाही खिडकीचा उजेड खोलीपेक्षा जास्त असतो, आणि कॅमेरा त्याच्याशी जुळवून घेतो. एकीच्या चित्रात ट्यूबलाइटमुळे आडवे पट्टे सरकत होते. तिच्या वेबकॅमच्या सेटिंगमध्ये विजेची वारंवारता 60 हर्ट्झ होती. आपल्याकडे 50 असते. ते बदललं आणि पट्टे गेले. आणि माझ्या मागच्या भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो होता. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर फोटोतला चेहराही दुसरी व्यक्ती म्हणून मोजू शकतं. तो परीक्षेपुरता मी देवघराच्या खोलीत नेऊन ठेवते आणि नंतर पुन्हा जागेवर लावते.

ओळखपत्राचीही एक भीती तिथेच गेली. आपल्या स्वतःच्या चित्रात अक्षरं उलटी दिसतात, म्हणून मी कार्ड फिरवत बसायचे. ते फक्त आपल्यापुरतं आरशासारखं असतं, समोरच्याला सरळच दिसतं. कार्डावर दिव्याची चकाकी येऊ नये म्हणून ते किंचित तिरकं धरलं की पुरतं.

परीक्षकाला काय दिसत नाही, हेही सांगते, कारण त्याबद्दल आमच्या गटात बरीच घबराट होती. मोबाइलमधले फोटो किंवा मेसेज दिसत नाहीत. मीटिंगमध्ये मोबाइल नुसता कॅमेरा असतो, फक्त त्यावरून स्क्रीन शेअर करू नका. लॅपटॉपमधल्या न उघडलेल्या फाइली स्क्रीन शेअरिंगमधून दिसत नाहीत. पण परीक्षेसाठी एखादं एक्स्टेंशन किंवा वेगळा ब्राउझर बसवायला लावला असेल, तर तो बसवताना मागितलेल्या परवानग्या नीट वाचा, कारण टॅब कुठले उघडले, कॉपी-पेस्ट झालं का, दुसरा मॉनिटर जोडलाय का, हे त्याला कळू शकतं. मी परीक्षा झाली की एक्स्टेंशन काढते, आणि ब्राउझरमधल्या कॅमेरा व माइकच्या परवानग्याही मागे घेते.

माइकला कमी लेखू नका. चवथीच्या आदल्या आठवड्यात शेजारी घुमट आरतीचा सराव चालायचा. माझ्या कॅमेऱ्यात सगळं शांत, पण परीक्षकाला खोलीत माणसं बोलताहेत असं वाटलं. आता मी सुरुवातीलाच सांगते, "आवाज बाहेरचा आहे, दार बंद आहे," आणि लॅपटॉप उचलून दार दाखवते. शेजाऱ्यांना वेळ कळवून ठेवते. ते खरंच थांबतात.

एक उणीव अजून सुटलेली नाही. वीज गेली की लॅपटॉप आणि मोबाइल बॅटरीवर चालतात, पण राउटर बंद पडतो आणि दोन्ही चित्रं एकदम नाहीशी होतात. इन्व्हर्टरचा एक पॉइंट राउटरपर्यंत आणून घेतला आहे, पण वरून केबलच तुटली तर त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट चालू करून ठेवायला आमच्या संस्थेची परवानगी लागते. मी ती ईमेलवर लेखी मागून घेतली आहे, आणि तो फोन दाराबाहेर सोप्यावर, बहिणीच्या हातात असतो. डिसेंबरच्या पेपरला तो एकदा लागला. चार मिनिटांत मी परत आत होते, परीक्षकाने वेळ नोंदवला आणि पेपर पुढे चालू झाला.