दोन टक्क्यांच्या प्रश्नाला किती रुग्ण लागतात? नॉर्मल सूत्र की एक्झॅक्ट इंटरव्हल

सिनॉप्सिसचा, म्हणजे थिसिसच्या प्रस्तावाचा, मोसम आला की मेडिकल कॉलेजातले पीजीचे विद्यार्थी सॅम्पल साइज घेऊन माझ्याकडे येतात. एकदा सर्जरीची एक विद्यार्थिनी आली. विषय होता स्वच्छ शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळण्याचं प्रमाण. आधीच्या अभ्यासांवरून तिने अपेक्षित प्रमाण p २ टक्के, म्हणून q ९८ टक्के, धरलं होतं, अ‍ॅलाउएबल एरर L, म्हणजे दोन्ही बाजूंना चालेल इतका फरक, ५ टक्के घेतली होती आणि आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असलेलं सूत्र लावलं होतं:

```
n = 4pq / L²  =  4 × 2 × 98 / 25  =  31.36
```

"सर, ३२ रुग्ण. सूत्रात बसतंय."

बसतंय खरं. पण ३२ रुग्णांत २ टक्के म्हणजे अपेक्षित चिघळलेल्या जखमा ०.६४. एकही जखम न चिघळण्याची शक्यता ०.९८ चा ३२ वा घात, म्हणजे ५२ टक्के. थिसिसच्या निकालाच्या पानावर शून्य येणार की नाही, हे जवळजवळ नाणेफेकीवर सोडलेलं. आणि शून्य आलं तर हेच नॉर्मल सूत्र कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं प्रमाण ज्यात असावं तो पट्टा, देतं ० ते ०. जखम कधीच चिघळत नाही, याची शंभर टक्के खात्री, तीही ३२ रुग्णांवरून! एक्झॅक्ट पद्धत त्याच शून्यावरून सांगते की खरं प्रमाण १०.९ टक्क्यांपर्यंत असू शकतं.

४pq/L² हे सूत्र नॉर्मल अंदाजातूनच आलेलं आहे. प्रमाणाच्या दोन्ही बाजूंना १.९६ स्टँडर्ड एरर (सूत्रात सोयीसाठी २) घ्यायच्या आणि त्या L इतक्या व्हायला n किती लागेल ते काढायचं. म्हणजे सॅम्पल साइज कसा काढायचा आणि शेवटी इंटरव्हल कोणता द्यायचा, हे दोन निर्णय दिसायला वेगळे असले तरी मुळात एकच आहेत. पहिल्या ठिकाणी झालेली चूक दुसऱ्या ठिकाणी दिसते.

समजा तिने L कमी करून २ टक्के घेतला. आता सूत्र १९६ रुग्ण सांगतं. आकडा दिसायला ठीक आहे, गाइडही सही करतील. अभ्यास झाला आणि तीन जखमा चिघळल्या. ३/१९६ म्हणजे १.५३ टक्के. नॉर्मल इंटरव्हल येतो उणे ०.१९ ते ३.२५. उणे प्रमाण नसतंच, म्हणून बरेच जण तिथे गुपचूप शून्य लिहितात. पण हा उणे आकडा नुसता दिसायला वाईट नाही. तीन घटनांच्या वितरणाला उजवीकडे लांब शेपूट असते आणि डावीकडे भिंत असते. नॉर्मल पद्धत दोन्ही बाजूंना सारखं माप लावते, म्हणून डावीकडे ती भिंतीतून आरपार जाते आणि उजवीकडे कमी पडते. उणे आकडा पुसला तरी उजवीकडची तूट तशीच राहते.

एक्झॅक्ट पद्धत, म्हणजे क्लॉपर आणि पिअर्सन यांची १९३४ सालची, वेगळा प्रश्न विचारते. खरं प्रमाण किती वर असतं, तर १९६ मध्ये तीन किंवा कमी घटना दिसण्याची शक्यता फक्त अडीच टक्के उरली असती? उत्तर ४.४१ टक्के. आणि खरं प्रमाण किती खाली असतं, तर तीन किंवा जास्त दिसण्याची शक्यता अडीच टक्के असती? ०.३२ टक्के. झाला इंटरव्हल. स्टँडर्ड एरर नाही, घंटेसारखी वक्ररेषाही नाही, थेट बायनॉमियलची बेरीज. एक्सेलमध्ये तो असा निघतो:

```
=BETA.INV(0.025, 3, 194)
=BETA.INV(0.975, 4, 193)
```

x म्हणजे दिसलेल्या घटना, n म्हणजे रुग्ण: पहिल्यात x आणि n−x+1, दुसऱ्यात x+1 आणि n−x. x शून्य असेल तर पहिली ओळ एरर देते. तिथे खालची मर्यादा शून्य लिहायची. आर वापरत असाल तर `binom.test(3, 196)` हेच आकडे देतं.

"थोडाफार फरक आहे, एवढं काय?" असं इथे बरेच जण म्हणतात. त्यांच्यासाठी मी एक हिशेब करून दाखवतो. खरं प्रमाण नेमकं २ टक्के आहे आणि असा १९६ रुग्णांचा अभ्यास पुन्हा पुन्हा केला असं धरा. ९५ टक्क्यांच्या इंटरव्हलने १०० पैकी ९५ वेळा तरी ते २ टक्के पोटात घ्यायला हवेत. नॉर्मल इंटरव्हल ते ९० वेळाच घेतो. एक्झॅक्ट ९६ वेळा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नॉर्मल इंटरव्हल चुकतो कुठल्या बाजूला. १९६ मध्ये शून्य किंवा एक घटना दिसण्याची शक्यता साडेनऊ टक्के आहे. एक घटना दिसली तर नॉर्मल इंटरव्हलची वरची मर्यादा १.५१ टक्के, म्हणजे खरे २ टक्के बाहेरच. उलट बाजूला, दहा किंवा जास्त घटना दिसून चुकण्याची शक्यता एक टक्काही नाही. म्हणजे जवळजवळ प्रत्येक चूक धोका कमी दाखवणारी. कारणही सोपं आहे: नशिबाने घटना कमी दिसल्या की प्रमाणही खाली येतं आणि त्याच प्रमाणावरून काढलेली स्टँडर्ड एररही आक्रसते. नेमका जेव्हा आपला अंदाज खाली घसरलेला असतो, तेव्हाच हा इंटरव्हल सगळ्यात जास्त खात्रीने बोलतो. जखम चिघळणं, औषधाची रिअ‍ॅक्शन, इम्प्लांट निकामी होणं अशा कामांत मी नॉर्मल इंटरव्हल स्वीकारत नाही, तो याच कारणाने.

एक्झॅक्टवरही आक्षेप आहे आणि तो खरा आहे. खरं प्रमाण काहीही असलं तरी कव्हरेज, म्हणजे १०० पैकी जितक्या वेळा ते इंटरव्हलच्या पोटात येतं तो आकडा, ९५ च्या खाली जाणार नाही, ही हमी तो देतो. पण घटना पूर्णांकात मोजाव्या लागतात, त्यामुळे ही हमी पाळताना तो बहुतेक वेळा ९५ च्या वरच राहतो आणि गरजेपेक्षा रुंद होतो. मधला मार्ग म्हणून विल्सनचा १९२७ सालचा इंटरव्हल आहे. ३/१९६ ला तो ०.५२ ते ४.४० देतो. तो उणेत जात नाही, शून्य घटनांवर कोसळत नाही. कव्हरेज सरासरीने ९५ च्या आसपास राहतं, कधी थोडं खाली उतरतं. आमच्या उदाहरणात ते साडेत्र्याण्णवच्या थोडं वर येतं. नुसता प्रादुर्भाव किती हे नोंदवायचं असेल तर मी विल्सनला हरकत घेत नाही. "याहून जास्त नाही" असा दावा करायचा असेल तर मात्र एक्झॅक्ट.

आता सॅम्पल साइज. समजा तिला २ टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना १ टक्का हवा आहे. १.९६ घेऊन नॉर्मल सूत्र ७५३ देतं. ७५३ मध्ये १५ घटना आल्या तर एक्झॅक्ट इंटरव्हल १.१२ ते ३.२६. खाली ०.८७ आणि वर १.२७. म्हणजे खालची बाजू कबुलीपेक्षा चांगली मिळाली, वरची फसली. इथे आधी ठरवायला हवं की तुम्हाला नेमकं काय हवंय. इंटरव्हलची एकूण रुंदी २ टक्क्यांच्या आत हवी असेल तर साधारण ८७० रुग्ण पुरतात, म्हणजे सूत्रापेक्षा शंभरेक जास्त. पण वरची मर्यादा ३ च्या खाली हवी असेल तर हिशेब बराच वाढतो. एक्झॅक्टला सुटसुटीत सूत्र नाही, n वाढवत बघावं लागतं:

```
n <- seq(700, 1500, by = 50)
x <- round(0.02 * n)
u <- qbeta(0.975, x + 1, n - x)
data.frame(n, x, u)
```

पन्नासच्या टप्प्यांनी जाताना वरची मर्यादा ३ टक्क्यांच्या खाली पहिल्यांदा ११५० ला येते (२३ घटना, २.९९). ७५३ आणि ११५० यांतला फरक म्हणजे एका विभागाचं वर्षभराचं काम असू शकतं.

आणि तेवढ्याने भागत नाही. ११५० मध्ये २३ घटना ही अपेक्षा आहे, वचन नाही. खरं प्रमाण २ टक्केच असलं तरी निम्म्याच्या जवळपास वेळा २३ पेक्षा जास्त निघतील आणि मर्यादा ३ ओलांडेल. "८० टक्के शक्यतेने मर्यादा ३ च्या खाली राहावी" अशी अट घातली की आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. ही पायरी नॉर्मल सूत्रातही नाही आणि एक्झॅक्ट वापरणारेही ती बऱ्याचदा गाळतात. कोणता इंटरव्हल निवडला यापेक्षा हा फरक मोठा आहे.

शून्य घटनांची गोष्ट थोडक्यात. "गंभीर रिअ‍ॅक्शन १ टक्क्याहून कमी" असं म्हणायचं असेल आणि एकही आली नाही, तर एकतर्फी ९५ टक्क्यांसाठी २९९ रुग्ण लागतात, दुतर्फीसाठी ३६८. तोंडी हिशेबाला "३ भागिले n" हा नियम एकतर्फीसाठी आहे, हे विसरलं की सिनॉप्सिसमध्ये एक आणि निकालात दुसरंच येतं. पण २९९ मध्ये एक जरी रिअ‍ॅक्शन निघाली तरी दावा गेला. एकीची मुभा ठेवायची तर ४७३ लागतात. खरं प्रमाण ०.२ टक्के इतकं कमी असलं तरी २९९ मध्ये शून्य दिसण्याची शक्यता ५५ टक्केच आहे.

मग नॉर्मल सूत्र टाकून द्यायचं का? अजिबात नाही. रक्तक्षयाचं प्रमाण ५० टक्के असेल आणि ४०० जण तपासले, तर नॉर्मल देतो ४५.१ ते ५४.९ आणि एक्झॅक्ट ४५.० ते ५५.०. इथे भांडण्यात अर्थ नाही, सूत्र लावा आणि पुढे जा. माझा ठोकताळा सोपा आहे: काढलेल्या n ला अपेक्षित प्रमाणाने गुणायचं. उत्तर १० च्या खाली आलं तर नॉर्मल सूत्र बाजूला. १० ते २० मध्ये असेल तर दोन्ही काढून पाहायचे. आणि L हा p पेक्षा मोठा असेल तर गुणायचीही गरज नाही, तिथेच थांबायचं.

त्या विद्यार्थिनीच्या विभागात दोन वर्षांत जेमतेम ४०० स्वच्छ शस्त्रक्रिया होणार होत्या. ११५० चं स्वप्न पाहण्यात अर्थ नव्हता. म्हणून आम्ही हिशेब उलटा केला. ४०० मध्ये ८ घटना धरल्या तर एक्झॅक्ट इंटरव्हल ०.८७ ते ३.९०. सिनॉप्सिसमध्ये तिने सूत्राच्या जागी हेच वाक्य लिहिलं: उपलब्ध रुग्ण ४००, अपेक्षित प्रमाण २ टक्के असल्यास इंटरव्हल साधारण इतका मिळेल. गाइडनी समासात विचारलं, "4pq कुठे आहे?" तिने खाली तो ३२ चा हिशेब आणि त्याशेजारी ५२ टक्के लिहून दिले.