घातांकी घटीचा वक्र बसवायचा आहे: लॉग, गाऊस-न्यूटन की लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट?

y = A·e^(−kt) या वक्रात A आणि k शोधायचे असतील, तर सहसा तीन वाटा समोर येतात. पहिली म्हणजे y चा लॉग घेऊन सरळ रेषा बसवणे. दुसरी गाऊस-न्यूटन: वक्र आहे तसाच ठेवायचा आणि उरलेला फरक पुन्हा पुन्हा रेषीय करून A, k सुधारत जायचे. तिसरी लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट, म्हणजे तीच पद्धत, पण पावलाला लगाम घालून. निवड करताना बहुतेक जण सोय बघतात. माझ्या मते आधी बघायला हवी ती मोजमापातली चूक: ती सगळीकडे साधारण सारखी आहे, की किमतीच्या प्रमाणात लहानमोठी होते?

मुद्दाम A = 10 आणि k = 0.5 धरून, प्रत्येक वाचनात थोडी चूक मिसळून ही पाच वाचनं तयार केली आहेत:

```r
t <- c(0, 1, 2, 4, 6)
y <- c(10.1, 5.9, 3.8, 1.3, 0.2)
```

लॉग घेऊन रेषा बसवली की A = 11.81 आणि k = 0.636 येतात. अर्धायुकाल ln 2 / k म्हणजे 1.09. खरा आहे 1.39. एवढी तफावत शेवटच्या वाचनामुळे पडली. तिथे खरी किंमत 0.498 होती, वाचन 0.2 आलं, चूक 0.3 ची. लॉगमध्ये मात्र हीच चूक 0.91 होते. उलट पहिल्या वाचनातली 0.1 ची चूक लॉगमध्ये जेमतेम 0.01 उरते. म्हणजे मूळ मापात तिप्पट असलेली चूक लॉगमध्ये नव्वदपट झाली, आणि ज्या वाचनावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा त्यानेच रेषा ओढून नेली.

म्हणून लॉगची पद्धत चुकीची ठरत नाही. प्रत्येक वाचनात ठरावीक टक्क्यांची चूक असेल, तर लॉगमध्ये सगळ्या चुका एका मापाच्या होतात आणि तीच पद्धत योग्य असते. चूक सगळीकडे सारखी असेल तर निदान प्रत्येक बिंदूला y² इतकं वजन द्यावं. वाचन शून्य किंवा ऋण आलं की लॉग घेताच येत नाही. अशी वाचनं काढून टाकण्याचा मोह होतो, पण ते करू नये: खाली गेलेली वाचनं गाळली आणि वर गेलेली ठेवली, की शेपटी उचलली जाते आणि k खऱ्यापेक्षा कमी येतो.

आता गाऊस-न्यूटन. सध्याच्या A, k वरून प्रत्येक बिंदूचा रेसिड्युअल काढायचा, म्हणजे मोजलेली किंमत वजा वक्राची किंमत. मग A आणि k किंचित बदलले तर वक्र किती हलेल ते पहिल्या अवकलजांवरून लिहायचं:

```
r ≈ e^(−kt)·ΔA − A·t·e^(−kt)·Δk
```

यात अज्ञात फक्त ΔA आणि Δk, आणि दोन्ही रेषीय आहेत. म्हणजे हा दोन स्तंभांचा, स्थिरपद नसलेला साधा लघुतम वर्गांचा प्रश्न झाला. तो सोडवायचा, A आणि k मध्ये बदल करायचा, नवे रेसिड्युअल काढायचे आणि पुन्हा तेच.

लॉगवरून आलेल्या 11.81 आणि 0.636 पासून सुरुवात करू. तिथे रेसिड्युअलच्या वर्गांची बेरीज 3.43 आहे. पहिल्या फेरीत ΔA = −1.75 आणि Δk = −0.121 येतात; म्हणजे A = 10.06, k = 0.515, आणि बेरीज थेट 0.125 वर. दुसऱ्या फेरीत A = 10.08 होतो, k जवळजवळ हलत नाही, बेरीज 0.123. इथे थांबायला हरकत नाही. अर्धायुकाल 1.35 आला. शेवटच्या फेरीच्या समीकरणांतूनच k ची प्रमाणित त्रुटी सुमारे 0.02 निघते, म्हणजे लॉगचा 0.636 या उत्तरापासून पाचाहून अधिक प्रमाणित त्रुटी दूर होता. शेवटचा निकाल म्हणून लॉग इथे कामाचा नव्हता. सुरुवात म्हणून मात्र उत्तम ठरला.

सुरुवात बिघडली की काय होतं तेही बघायला हवं, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेतला फरक तिथेच कळतो. त्याच वाचनांवर A = 10, k = 2 पासून निघा. इतक्या मोठ्या k ला वक्र लगेच शून्याला टेकतो आणि t = 2 च्या पुढे k बदलला तरी तो जवळपास हलत नाही. रेसिड्युअल मोठे, अवकलज इवलेसे; म्हणून रेषीय गणित मोठी उडी मागतं: Δk = −3.81. k होतो −1.81, घटीची वाढ होते, आणि t = 6 ला वक्र पाच लाखांच्या वर जातो. गाऊस-न्यूटन बिघडल्याची खूण हीच: वर्गांची बेरीज कमी होण्याऐवजी उसळते, किंवा k चं चिन्ह बदलतं.

यावर साधा उपाय म्हणजे दिशा तीच ठेवून पाऊल निम्मं करत जाणं. इथे निम्म्या पावलानेही भागत नाही, पण चौथाई पाऊल टाकलं की k = 1.05 होतो आणि बेरीज 35.5 वरून 13.7 वर येते. आर मधलं `nls` मुळात गाऊस-न्यूटन वापरतं आणि अशीच पावलं निम्मी करतं:

```r
nls(y ~ A*exp(-k*t), start = list(A = 11.8, k = 0.64))
```

लेव्हेनबर्ग (1944) आणि मार्क्वार्ट (1963) यांचा मार्ग वेगळा. समीकरणांच्या कर्णावरच्या संख्या (1 + λ) पटीने वाढवायच्या. λ जेवढा मोठा तेवढं पाऊल लहान, आणि दिशाही उताराकडे वळलेली. वरच्याच वाईट सुरुवातीवर λ = 1 घेतला तर k = 0.10 येतो आणि बेरीज 89 होते, म्हणून ते पाऊल नाकारायचं. λ = 10 केला की k = 1.65, बेरीज 29.3, हे स्वीकारायचं आणि λ पुन्हा कमी करायचा. इथे निम्म्या पावलांची युक्ती जास्त वेगाने उतरली हे खरं आहे. तरी सुरुवातीची खात्री नसेल तर मी लेव्हेनबर्ग-मार्क्वार्टच घेईन, कारण दोन स्तंभ जवळजवळ एकसारखे झाले की गाऊस-न्यूटनची दिशाच भरवशाची राहत नाही, आणि वाईट दिशेला लहान पाऊल टाकून फार काही साधत नाही. सायपायचं `curve_fit` मर्यादा दिल्या नसतील तर हीच पद्धत वापरतं, पण `p0` दिला नाही तर सगळ्या प्राचलांची सुरुवात 1 पासून करतं. तो स्वतः द्यावा.

स्तंभ एकसारखे होण्याची नेहमीची जागा म्हणजे तळ असलेला वक्र, y = A·e^(−kt) + C. इथे लॉगची वाट बंदच होते, कारण C आधी माहीत असल्याशिवाय सरळ रेषा मिळत नाही. निरीक्षण एका अर्धायुकालाच्या आतच थांबलं असेल, तर A वाढवून C आणि k कमी केले तरी जवळपास तोच वक्र मिळतो. `nls` मग `singular gradient` म्हणून थांबतं. लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट थांबत नाही, आकडे देतं, आणि फसगत नेमकी तिथे होते. अशा वेळी A आणि C चा सहसंबंध बघावा. तो −1 च्या अगदी जवळ असेल आणि प्रमाणित त्रुटी प्राचलाएवढीच मोठी असेल, तर तिन्ही पद्धतींतली कोणतीही बदलून उपयोग नाही: वक्र सपाट होईपर्यंत वाचनं घ्यावी लागतील, किंवा C वेगळा मोजून पक्का करावा लागेल.